वार्षिक नूतनीकरणाआधी योजना थांबवताना: कंपनीकडून की बँकेतून?

गाडीची कनेक्टेड सेवा किंवा रोडसाइड असिस्टन्स पुढच्या वर्षी नको असेल, तर ती थांबवण्याच्या दोन वाटा आहेत. कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा ग्राहक सेवेला लेखी कळवून आपोआप होणारे नूतनीकरण बंद करता येते, किंवा बँकेला दिलेली ऑटो-पेची परवानगी, म्हणजे ई-मॅन्डेट, रद्द करता येते. पहिल्या वाटेने करार संपतो; दुसरीने फक्त पैसे थांबतात.

बँकेची वाट जलद आहे. यूपीआय अ‍ॅपच्या ऑटो-पे विभागात ते मॅन्डेट शोधून पिन टाकला, की काम होते. कार्डावरचे मॅन्डेट बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा बँकेने नेमलेल्या संकेतस्थळावरून काढावे लागते. फोनमधून यूपीआय अ‍ॅप काढून टाकल्याने मात्र मॅन्डेट रद्द होत नाही, कारण ते फोनमध्ये नसून खात्याशी जोडलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वजावटीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. परंतु १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी मागितला जात नाही आणि या योजनांची रक्कम सहसा त्याच्या आतच असते. म्हणून ती सूचना वाचायची राहिली, तर पैसे गेलेच म्हणून समजावे. तिची वाट न पाहता आठवडाभर आधी मॅन्डेट काढणे बरे.

रोडसाइड असिस्टन्ससाठी ही वाट बहुधा पुरते, कारण योजना आगाऊ पैशांवर चालते आणि पैसे न मिळाल्यास मुदतीअखेर संपते. समजा, १,८०० रुपयांची योजना १२ मार्चला नव्याने सुरू होणार आहे आणि गाडीच्या विमा पॉलिसीत हेच संरक्षण ऑगस्टपर्यंत अ‍ॅड-ऑन म्हणून घेतलेले आहे. तेव्हा पॉलिसीत वर्षाला किती वेळा मदत मिळते आणि टोइंग किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे, एवढे पाहावे. शहरातच गाडी चालवणाऱ्याला ते पुरेसे ठरू शकते. गावी लांबचा प्रवास करणाऱ्याने मात्र टोइंगचे अंतर कमी असेल, तर स्वतंत्र योजना ठेवलेली बरी.

कनेक्टेड सेवेचे तसे नाही. तिथे मॅन्डेट काढले, तरी खाते, गाडीशी जोडलेला फोन आणि प्रवासाच्या नोंदी कंपनीकडे राहू शकतात. गाडी विकायची असेल, तर हा मुद्दा पैशांहून मोठा ठरतो. त्यामुळे आधी कंपनीकडे अर्ज करावा, खात्यातून गाडी काढून टाकावी आणि माहिती पुसण्याची वेगळी मागणी करावी. अर्ज करताना सेवा लगेच थांबेल की भरलेल्या मुदतीपर्यंत चालेल, हे लेखी विचारावे, नाहीतर उरलेले महिने हातचे जातील. पुष्टीचा ई-मेल आल्यानंतरच मॅन्डेट काढावे.

पहिल्या काही वर्षांची सेवा गाडीसोबत मोफत मिळाली असेल आणि कोणतेही मॅन्डेट दिलेले नसेल, तर वजावटीची भीती नाही. तिथे नूतनीकरण न केले, की झाले.