कोर्टाच्या नोटिशीचा फोटो आणि अरबी भाषांतर: कुठली वाट कुठे पुरते?

कोंढव्यात भाड्याने राहणाऱ्या येमेनी विद्यार्थ्याच्या हातात शिवाजीनगर कोर्टाचं मराठी समन्स पडतं. तो त्याचा फोटो काढून मराठी मित्राला, घरमालकाला किंवा वकिलाच्या कारकुनाला पाठवतो आणि म्हणतो, अरबीत सांगा. अशा वेळी पहिला प्रश्न एकच: हे अरबी कोण वाचणार आहे? फक्त तो आणि त्याचे घरचे, की एखादं सरकारी खातं? वाट त्यावर ठरते. त्याला पुण्याच्याच कोर्टात उत्तर द्यायचं असेल तर अरबी कागद कोर्टाला लागतच नाही. तिथे मराठी किंवा इंग्रजी चालतं. उलट त्याने पुरावा म्हणून अरबी कागद दिला, तर त्याचंच भाषांतर जोडावं लागतं.

सगळ्यात झटपट वाट म्हणजे फोनचा कॅमेरा कागदावर धरून भाषांतर वाचणं. विषय कळायला ती ठीक आहे, म्हणजे दिवाणी आहे की फौजदारी, पैशांचा दावा आहे की जागेचा. त्यापुढे तिच्यावर विसंबू नये. समन्स हा बहुधा छापील नमुना असतो आणि त्यातल्या रिकाम्या जागा हाताने भरलेल्या असतात. यंत्र छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतं, पण हाताने लिहिलेलं गाळतं किंवा चुकीचं उचलतं. आणि नाव, रक्कम, हजर राहण्याची तारीख नेमकी हाताने लिहिलेली असते, वर बऱ्याचदा तिच्यावरच शिक्का बसलेला असतो. त्यामुळे अरबी वाक्यं गुळगुळीत दिसतात आणि कामाचं तेवढं त्यात नसतं.

दुसरी वाट थोडी मेहनतीची आहे, पण समजून घेण्यासाठी माझ्या मते हीच धरावी: आधी मराठी मजकूर टाइप करायचा, मग भाषांतर. कागद सपाट ठेवून उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण मागच्या बाजूला बेलिफाचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, शेरा असू शकतो. स्कॅनरचं काळं-पांढरं फिल्टर लावू नका, निळा शिक्का आणि शाई त्यात फिकी पडते. हाताने लिहिलेल्या भागाचा जवळून वेगळा फोटो घ्या. जे वाचता येत नाही तिथे अंदाज न करता '[अवाच्य]' लिहा. कागदावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पक्षकारांची नावं आणि पुढची तारीख ताडून पाहा.

आता मजकूर. दिवाणी समन्साचे नमुने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्ट 'ब'मध्ये छापलेले आहेत. मराठी वाक्य नमुन्यातल्या इंग्रजी वाक्याशी जुळवलं की नेमका अर्थ हाती येतो, आणि अरबी त्या इंग्रजीवरून करणं सोपं जातं. समजा, समन्सात असं आहे: 'नेमलेल्या तारखेस जातीने किंवा वकिलामार्फत हजर राहावे. कसूर केल्यास आपल्या गैरहजेरीत दाव्याची सुनावणी होऊन निर्णय देण्यात येईल.' इथे तीन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं, 'किंवा'. 'वकिलासह स्वतः या' असं झालं, तर परगावी असलेला माणूस विनाकारण तिकीट काढतो. दुसरं, शेवटचा भाग. अरबीत 'सतुन्ज़रु अद्-दअवा व युफ़्सलु फ़ीहा फ़ी ग़ियाबिक' एवढंच हवं, म्हणजे तुझ्या गैरहजेरीत दावा ऐकला जाईल आणि निकाली निघेल. 'तुझ्याविरुद्ध निकाल लागेल' किंवा 'अटक होईल' असं काही नमुन्यात नाही. धाक वाढवणारं भाषांतरही चुकीचंच.

तिसरं घसरणं मराठी माणसाचं आहे. आपली कोर्टाची भाषा अरबी-फारसी शब्दांनी भरलेली, त्यामुळे वाटतं की शब्द तसाच ठेवला तरी चालेल. दावा आणि मुदत चालतात. पण अरबीत 'वकील' म्हणजे मुळात प्रतिनिधी, मुखत्यार. कोर्टात उभा राहतो तो 'मुहामी'. 'कैफियत' म्हणजे तिकडे रीत किंवा प्रकार. आपली लेखी कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर, तिला 'मुज़क्किरा जवाबिया' लिहावं. आणि 'तकलीफ़ बिल-हुज़ूर' दिसलं तर दचकू नका, ते हजर राहण्याचं फर्मान आहे. देशागणिकही शब्द बदलतात. समन्स बजावण्याला येमेन आणि इजिप्तमध्ये 'इअलान' म्हणतात, इराकमध्ये 'तबलीग़'. येमेनी वाचकासाठी पहिला ठेवा.

समन्साबरोबर 'नि. ५' वरची नोटीस असेल, तर नि. म्हणजे निशाणी, दाव्यातल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक. यंत्र तिचं 'चिन्ह' करून मोकळं होतं. महाराष्ट्रातल्या कोर्टांत निशाणी पाच हा सहसा अंतरिम अर्ज असतो, बहुधा तात्पुरत्या मनाईचा. तो वेगळा कागद आहे हे अरबीत एका ओळीत स्पष्ट लिहा.

आकड्यांचं मात्र जपा. मराठी शून्य अरबी वाचकाला त्यांच्या पाचासारखं दिसतं, म्हणून मराठी आकडे तसेच सोडू नका. 05-09-2025 अशी आडव्या रेघांची तारीख अरबी ओळीत बसवली की पडद्यावर तिचे तुकडे उलट क्रमाने लागू शकतात. दिवस आणि वर्ष इंग्रजी आकड्यांत आणि महिना शब्दांत लिहा. रक्कम १,८०,००० असेल तर 180,000 लिहून पुढे अक्षरी द्या, लाख शब्द वापरू नका.

भाषांतर हाती यायला आठवडा लागला तरी मुदत थांबत नाही. लेखी कैफियतीचे ३० दिवस समन्स बजावल्यापासून मोजतात. कोर्ट कारण नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.

तिसरी वाट म्हणजे पुण्यातला भाषांतरकार आणि नोटरी. दस्त लांब असेल, सोबत दाव्याची प्रत असेल, तर भाषांतरकाराला पैसे द्यावेत. पण नोटरीच्या शिक्क्याचा गैरसमज नको. भाषांतर बरोबर आहे असं नोटरी सांगत नाही. प्रतिज्ञापत्रावर सही करणारा माणूस तोच, एवढंच तो प्रमाणित करतो. युरोपातल्या अनेक देशांसारखी शपथबद्ध भाषांतरकारांची सरकारी यादी भारतात नाही, त्यामुळे 'आम्ही स्वॉर्न ट्रान्सलेटर' या पाटीला इथे कायद्याचं वेगळं बळ नाही.

शपथबद्ध किंवा परवानाधारक माणूस खरोखर लागतो तो कागद अरब देशाच्या अधिकाऱ्यासमोर जाणार असेल तेव्हा. संयुक्त अरब अमिरातीच्या सर्वसाधारण न्यायालयांत कामाची भाषा अरबी आहे आणि भाषांतर तिथल्या न्याय मंत्रालयाने परवाना दिलेल्या भाषांतरकाराचं लागतं. पुण्यात केलेलं तिथे बहुतेक पुन्हा करावं लागतं, म्हणून इथे दुहेरी खर्च करू नका. उलट दिशेने, प्रतिवादी परदेशात असून समन्स तिकडे बजवायचं असेल, तर ते काम कोर्टामार्फत होतं. १९६५ च्या हेग करारानुसार ज्या देशात बजवायचं तिथलं मध्यवर्ती प्राधिकरण स्वतःच्या भाषेतलं भाषांतर मागू शकतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तुमचं अरबी त्या जागी चालत नाही.

परदेशी खात्यासाठी फोटोही चालत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रमाणित नक्कल काढा, तिच्यावर साक्षांकन करून घ्या आणि भाषांतर सगळ्यात शेवटी करा. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला. ओमानसारख्या अपोस्टिल मानणाऱ्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं, अमिरातीसाठी दूतावासाची पायरीही असते. भाषांतर आधी उरकलं तर नंतर उमटलेले शिक्के भाषांतराविना राहतात, आणि तेवढ्या कारणावरून खिडकीवरून कागद परत येऊ शकतो.