खोक्यावरचे 300 वॅट आणि कंपनीचा स्टिरिओ: आठ महिन्यांनंतर

गाडी 2016 ची हॅचबॅक. स्टिरिओ कंपनीचाच, पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची कागदी स्पीकर, ॲम्प्लिफायर नाही. रोजची फेरी बेळगाव-खानापूर, आणि महिन्या-दोन महिन्यांतून चोर्ल्यावरून गोवा. गेल्या पावसाळ्यात डावा स्पीकर खरखरायला लागला. पॅड उघडून बघितलं तर दारात झिरपलेल्या पाण्यानं कोनाची कड भिजून फाटली होती. खानापूरकडचा पाऊस कागदाला काय सोडणार!

हा अनुभव त्यानंतर घेतलेल्या स्पीकरच्या दुसऱ्या जोडीचा आहे. पहिली जोडी मी महिन्याभरात काढून टाकली, आणि ती का काढावी लागली हे समजायला मला जास्त वेळ लागला. मॉडेलची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण ती दरवर्षी बदलतात. आकडे कसे बघायचे तेवढं लिहितो.

पहिल्या वेळी दुकानात गेलो आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले 300 वॅट बघून भुललो. दुकानदार म्हणाला, "घ्या सर, कंपनीच्या स्पीकरच्या दहापट ताकद आहे." ती ताकद स्पीकर सहन किती करू शकतो त्याची होती, आवाज किती देईल त्याची नव्हती. जाड रबरी कड, जड कोन, भलं मोठं मॅग्नेट. बसवल्यावर पूर्वी व्हॉल्यूम 16 वर जेवढा आवाज यायचा, तेवढ्यासाठी 22 पर्यंत न्यायला लागलं. हायवेला काच थोडी खाली केली की 27-28, आणि तिथं गाणं फाटायचं. मामा शेजारी बसले होते, म्हणाले, "काय ऐकायलास रे हे? शेजारच्या गाडीत लावल्यासारखं वाटतंय."

आता हिशेब. कंपनीच्या स्टिरिओवर किंवा त्याच्या माहितीपुस्तकात "50 वॅट गुणिले 4" असं काहीतरी असतं. गाडी चालू असताना बॅटरीच्या वायरवर साधारण 14 व्होल्ट मिळतात. स्पीकर 4 ओहमचा. 14 × 14 ÷ 4 म्हणजे 49. हाच तो पन्नासचा आकडा. पण हा आउटपुट पूर्ण चेपून चौकोनी लाट केली तेव्हाचा आहे, म्हणजे नुसता गोंगाट. स्वच्छ आवाजासाठी आतल्या चिपमध्ये दीड-दोन व्होल्ट जातात, उरलेल्या 12 व्होल्टच्या शिखराला 1.41 नं भागलं की कामाचे व्होल्ट साधारण साडेआठ, आणि त्याचे वॅट झाले 18. इंजिन बंद करून बॅटरीच्या बारा-सव्वाबारा व्होल्टवर गाणी लावली तर हेच 13 च्या आसपास येतात. अशा स्टिरिओत सर्रास दिसणाऱ्या TDA7388 या चिपच्या डेटाशीटमध्येही "45 वॅट कमाल" असं ठळक आहे, आणि खाली 14.4 व्होल्टवर 26 वॅट, तेही 10 टक्के विकृतीला. म्हणजे आपल्या खिशात चॅनेलमागे खरे पंधरा-अठरा वॅट. खर्च त्यातूनच करायचा.

एवढ्या वॅटमधून आवाज किती निघणार, हे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ठरवते. एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. मी मात्र इथंच फसलो. पहिल्या जोडीच्या खोक्यावर 90 डेसिबल लिहिलं होतं, मग कमी कसा आवाज? आकड्याखाली बारीक अक्षरांत होतं "2.83V/1m". हे 2.83 व्होल्ट 8 ओहमच्या स्पीकरला दिले तर बरोबर एक वॅट होतो. 4 ओहमच्या स्पीकरला दिले तर दोन वॅट होतात. म्हणजे माझ्या स्पीकरला दोन वॅट देऊन 90 आले होते, एका वॅटला 87 च.

दुसऱ्या जोडीवर 91 डेसिबल होतं आणि शेजारी "1W/1m". दोन खोकी शेजारी ठेवली तर फरक एका डेसिबलचा दिसतो. एकाच मापात आणले तर चारचा. चार डेसिबल म्हणजे अडीचपट वॅट. दुसरी जोडी 15 वॅटवर जेवढी वाजते, तेवढं वाजायला पहिलीला 38 वॅट पाहिजेत, आणि ते माझ्या स्टिरिओत नाहीतच. म्हणून ती फाटत होती. उत्पादक हे आकडे थोडे फुगवून लिहितात हे धरूनच चाला, पण चारचा फरक कानाला कळतो. खोक्यावर माप कुठलं ते लिहिलंच नसेल तर मी ते खोकं खाली ठेवतो. सोबत सहनशक्ती, म्हणजे आरएमएस, 40-50 वॅट असली की कंपनीच्या स्टिरिओला भरपूर झाली.

मग 2 ओहमचे स्पीकर का नाही, असं काही जण विचारतात. त्याच व्होल्टवर ते जास्त करंट ओढतात, आवाज वाढतो, हे खरं. पण चिप 4 ओहमच्या हिशेबानं बसवलेली असते. निपाणीच्या मावसभावानं हाच प्रयोग केला. गाडी नुकती सुरू केली की छान, अर्ध्या तासानंतर मे महिन्याच्या उन्हात आवाज मध्येच गप्प, पाच-दहा सेकंदांनी परत सुरू. चिप तापून स्वतःला वाचवत होती. त्याला वाटलं वायर सैल आहे, दोनदा दार उघडलं. काही कंपन्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये मूळ स्पीकरच 2 ओहमचे असतात, म्हणून जुना काढल्यावर त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून बघावा. 3.2 ते 3.6 दाखवला तर तो 4 ओहमचा. 2 च्या खाली असला तर 2 ओहमचा, आणि मग त्या गाडीचं गणित वेगळं.

माझ्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. आरशाजवळच्या कोपऱ्यात छोटा ट्वीटर आहे, तो दारातल्या स्पीकरला समांतर जोडलेला, मध्ये एक कपॅसिटर. मी घेतलेल्या कोॲक्सियल स्पीकरच्या मधोमध स्वतःचा ट्वीटर आहेच. दोन्ही ठेवले तर वरच्या सुरांवर दोन ट्वीटर समांतर येऊन भार निम्म्यावर जातो, आणि झांजा कानात टोचतात. मी आरशाजवळच्या ट्वीटरचा कपलर काढून टेप लावून ठेवला. आवाज थोडा खालून येतो, पण नीट येतो.

आकाराचं प्रकरण मला वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. साडेसहा इंच हे तोंडाचं माप, खोली वेगळी. काच पूर्ण खाली करून दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंत पट्टी घातली तर 58 मिलिमीटर. पहिल्या जोडीची खोली 67 होती, आणि दुकानातल्या पोरानं ती काच वर असताना बसवली होती. घरी येऊन काच खाली केली तर शेवटची दोन बोटं खालीच जाईना, मॅग्नेटला टेकलेली. नव्या जोडीची खोली 56. दोन मिलिमीटरच्या भरवशावर काच हलणार नाही, म्हणून 12 मिलिमीटरची रिंग घातली. पण रिंगेनं स्पीकर बाहेर येतो, मग पॅडच्या जाळीला लागेल का? गणपतीची शाडू माती थोडी उरली होती, ती भिजवून गोळा पत्र्यावर ठेवला आणि पॅड दाबून बसवला. काढल्यावर गोळा 30 मिलिमीटर जाड. रिंग 12, रिंगेच्या वर येणारी स्पीकरची उंची 11, सात मिलिमीटर मोकळे. बसलं.

वायर कापली नाही. गाडीच्या कपलरला जुळणारा छोटा अडॅप्टर मिळतो, तोच घातला. एक ताकीद मात्र देतो: अशा स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी चालू असतात, काळी वायर बॉडीला जोडली तर चिप गेली. उलटसुलट वायरीची शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, कोन बाहेर आला की सेलचं धन टोक जिथं लावलंय ते स्पीकरचं धन टोक. एक दार उलट लागलं तर बास गायब होतो आणि माणूस स्पीकरला शिव्या देत बसतो.

आता आठ महिन्यांचं. 100 हर्ट्झचा सलग सूर पेनड्राइव्हवर घालून, बास-ट्रेबल शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसीवर लावला आणि आवाज एकेक घर वाढवला. 25 पर्यंत व्होल्ट चढत गेले, 8.4 च्या पुढे जवळजवळ थांबले. म्हणजे माझ्या स्टिरिओवर 25 च्या पुढं फक्त फाटणं आहे, स्पीकर कुठलाही लावा. पूर्वी हायवेला मी त्या हद्दीच्या पलीकडं होतो. आता वंटमुरी घाटात काच खाली असली तरी 19-20 पुरतात. बास तीन डेसिबल वाढवला की तिथं दुप्पट वॅट लागतात, म्हणून तो मी शून्यालाच ठेवतो.

तोटाही सांगतो. हलका कोन, चढा आवाज आणि खोल बास, हे तिन्ही या आकारात एकत्र येत नाहीत. ढोलकीची थाप सुटसुटीत येते, पण नव्या गाण्यातला खालचा गुरगुर आवाज पहिल्या जोडीतच जास्त होता. त्यासाठी वेगळा सबवूफर आणि ॲम्प लागतो. दाराच्या आतल्या मोठ्या भोकांवर ब्यूटिलचा पत्रा चिकटवल्यावर बास जाणवण्याइतका भरला, आणि तो खर्च 900 रुपयांत झाला. स्पीकरची जोडी 3,200 ला. मागची दारं मी उघडलीच नाहीत, फेडर थोडा पुढं आणला.

जुलैत डाव्या दारातून भुणभुण यायला लागली, ठरावीक सुरावरच. पहिल्यांदा स्पीकरवरच संशय घेतला, पण कोन बोटानं हलवला तर काहीच घासत नव्हतं. सुताराकडून करून घेतलेली 12 मिलिमीटरची प्लायची रिंग पाण्यानं फुगली होती आणि दोन स्क्रू सैल पडले होते. तिथं लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या डब्ल्यूपीसी बोर्डची रिंग घातली, खाली फोमची पट्टी. भुणभुण गेली. उजव्या दाराची रिंग अजून प्लायचीच आहे. पाऊस उघडला की ते दार उघडणार.