स्मरणिका, फोटो, वह्या: कोणती गोष्ट कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायची?

समजा, सदाशिव पेठेतलं एक गणेश मंडळ आहे. कार्यालयातल्या कपाटात तीन गोष्टी आहेत: १९९९ सालच्या स्मरणिकेची सीडी आणि तिची एक छापील प्रत, सहा बाय चार इंचाचे ४०० छापील फोटो, आणि जमाखर्चाच्या वह्यांची साधारण १,२०० पानं. हे सगळं अजून तीस-चाळीस वर्षांनी उघडावं, वाचता यावं आणि शोधता यावं अशी अपेक्षा आहे. 'सगळ्याची पीडीएफ करून टाका' हा सल्ला कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी देतोच. या तिघांपैकी एका गोष्टीला तो पुरतो, एकीला अर्धाच पुरतो आणि एकीला चुकीचा आहे.

स्मरणिका: दिसणारी अक्षरं आणि साठवलेली अक्षरं

सीडीवर बहुधा `.p65` किंवा `.pm6` या शेपटीच्या फाइली असतील. त्या पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, ती २००१ची. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन या फाइली सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडायचं, पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. म्हणजे मूळ फाइल जशी आहे तशी ठेवणं हा पर्याय दरवर्षी अवघड होत जाणारा आहे. मूळ फाइल फेकू नये, पण तिच्यावर विसंबूही नये.

खरी अडचण तिच्याही खाली आहे. त्या काळात डीटीपीचं मराठी श्रीलिपी, आकृती, आयएसएमसारख्या पॅकेजांवर चालायचं. त्यांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. फाइलमध्ये 'मराठी' हा शब्द नसतोच. तिथे `_amR>r` अशा धाटणीची इंग्रजी चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की मजकूर गेला. शिवाय प्रत्येक पॅकेजचा तक्ता वेगळा, त्यामुळे फॉन्टचं नाव माहीत नसेल तर पुढे कुणाला उलगडाही लवकर होत नाही.

आता पर्याय शेजारी शेजारी ठेवू. साध्या पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरलेला असेलच असं नाही. नसेल तर दुसऱ्या मशीनवर पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. पीडीएफ/ए हा जतनासाठीचा आयएसओ १९००५ हा मानक प्रकार. त्यात फॉन्ट आत भरणं सक्तीचं आहे; पासवर्ड आणि स्क्रिप्ट चालत नाहीत. म्हणून पान जसं छापलं तसं दिसायला पीडीएफ/ए उत्तम. २००५चा पहिला भाग जुना आणि जरा आखडता आहे. २०११चा दुसरा भाग, म्हणजे पीडीएफ/ए-२, नवीन कामाला घ्यावा. तिसऱ्या भागात कोणतीही फाइल आत जोडता येते आणि जतनाच्या दृष्टीनं तीच त्याची खोट आहे, कारण आत जोडलेली फाइल पुढे उघडेलच याची हमी पीडीएफ/ए देत नाही.

पण पीडीएफ/ए हे पानाचं चित्र नीट राखतं, शब्द राखेलच असं नाही. दुसऱ्या भागात 'यू' नावाची पातळी आहे. तिच्यात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा क्रमांक जोडलेला असावा लागतो. जुन्या फॉन्टची फाइल ही परीक्षाही पास होऊ शकते, कारण तिच्यातल्या चिन्हांना इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आधीपासूनच असतात. तपासणीचं सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवतं आणि 'दगडूशेठ' शोधलं की शून्य निकाल. म्हणून तपासणी स्वतःच करावी, पॉपलर या मोफत संचातल्या या दोन आज्ञांनी:

```
pdffonts smaranika.pdf
pdftotext -enc UTF-8 smaranika.pdf out.txt
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `emb` या रकान्याखाली सगळीकडे `yes` हवं; एखाद्या फॉन्टपुढे `no` असेल तर तो आत नाही. दुसरी आज्ञा मजकूर बाहेर काढते. `out.txt` उघडल्यावर देवनागरी दिसली तर ठीक, इंग्रजी चिन्हं दिसली तर पीडीएफमध्ये फक्त चित्र जपलं गेलंय असं समजा.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठीचंही इथे पूर्ण समाधान होत नाही. पीडीएफ अक्षरं कागदावर बसतात त्या क्रमानं ठेवते, त्यामुळे 'किल्ला' बाहेर काढताना वेलांटी 'क'च्या आधी येऊ शकते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून मराठीसाठी आमचा ठाम सल्ला दोन प्रतींचा आहे: दिसण्यासाठी पीडीएफ/ए-२ आणि शब्दांसाठी युनिकोडमधली साधी मजकूर फाइल, यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये. शीर्षकं आणि तक्ते महत्त्वाचे असतील तर लिबरऑफिसचं ओडीटी. ओडीटी म्हणजे आतून एक झिप, त्यात वाचता येणारा एक्सएमएल. लिबरऑफिस उद्या नसलं तरी झिप सोडवून मजकूर हाती येतो. वर्डचं डॉक्सही आतून तसंच आहे आणि तेही आयएसओ मानक आहे, तेव्हा डॉक्स असेल तर घाबरून बदलायला नको. जुनं `.doc` मात्र बदलून घ्या.

मजकूर युनिकोडमध्ये नेताना त्या त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर लागतो आणि चुका ठरावीक जागी होतात. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते. जिला टेकायला अक्षरच मिळालं नाही अशी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर (◌ि) दिसते. ते वर्तुळ नजरेनं शोधलं तरी निम्म्या चुका हाती लागतात. आणखी एक खास मराठी गाठ: 'दऱ्या', 'ऱ्हास' यातला 'ऱ्' दोन पद्धतींनी लिहिला जातो, एक स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त घेऊन, दुसरी साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही एकच, पण एक टाइप करून शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे पहिली पद्धत ठेवावी.

पेजमेकर चालणारं मशीन आणि तो फॉन्ट मिळतच नसेल तर आप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनं डीटीपी करणारं कुणी शोधायला हरकत नाही, पण दोन-चार फेऱ्यांपलीकडे त्यात वेळ घालवू नका. छापील प्रत आहेच. ती ४०० डीपीआयला स्कॅन करा आणि टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी डेटानं मजकूर ओळखून घ्या:

```
ocrmypdf -l mar --output-type pdfa-2 scan.pdf smaranika.pdf
```

जाहिरातींच्या नक्षीदार अक्षरांवर हे साफ फसतं. लेखांचा मजकूर बऱ्यापैकी येतो, पण नावं आणि आकडे कुणीतरी वाचून दुरुस्त करावेच लागतात. मूळ स्कॅन वेगळे जपा, कारण ही प्रक्रिया आतली चित्रं पुन्हा दाबू शकते.

फोटो: दुरुस्ती करणार आहात का?

सहा बाय चारचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की ३,६०० गुणिले २,४०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट, म्हणजे न दाबलेली फाइल साधारण २६ एमबी. असे ४०० फोटो म्हणजे १०.४ जीबी. जागेचा प्रश्न इथे उरतच नाही, त्यामुळे तुलना फक्त पुढच्या वापरावर करायची.

| | टिफ | जेपेग | पीएनजी |
|---|---|---|---|
| सेव्ह करताना तपशील जातो का | नाही | दर वेळी थोडा | नाही |
| एका फोटोची जागा | २६ एमबी, दाबून कमी | काही एमबी | टिफपेक्षा बहुधा कमी |
| फोनवर, ब्राउझरमध्ये | बहुधा उघडत नाही | कुठेही | कुठेही |
| स्कॅनरच्या यादीत | सहसा असतो | नेहमी | कधी कधी |

नव्वदीतले रंगीत फोटो आता लालसर पडलेत, त्यांचे रंग सुधारावे लागणार. जेपेग फाइल उघडून रंग बदलून पुन्हा सेव्ह केली की आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं. आकाशात आणि गुलालात चौकोनी ठोकळे उमटतात. म्हणून इथे आमचं मत टिफला, आणि लोकांना पाठवायला त्याच्यापासून एक जेपेग. फोटो पीडीएफमध्ये कोंबणं हा मात्र निव्वळ तोटा आहे: चित्र काढताना पुन्हा सोडवावं लागतं आणि मध्ये कुणी 'लहान साइज' निवडली की ते कळतही नाही.

टिफ ही एक पिशवी आहे, आत काय भरलंय ते पाहावं लागतं. टिफच्या आत जेपेगसुद्धा असू शकतो. सेव्ह करताना कॉम्प्रेशन 'नाही' किंवा तपशील न गाळणारं एलझेडडब्ल्यू, रंग २४ बिट, लेयर नाहीत, एका फाइलमध्ये एकच फोटो आणि एसआरजीबी प्रोफाइल आत, इतकं पाळलं की कुठल्याही काळातलं सॉफ्टवेअर ती वाचेल. १६ बिटच्या रंगांवर एलझेडडब्ल्यू लावू नका, फाइल उलट फुगते.

फोनवरच्या फोटोंना हा नियम लागू नाही. ते जन्मतःच जेपेग असतील तर तसेच ठेवा. त्यांचं टिफ केल्यानं फाइल मोठी होते, गेलेला तपशील परत येत नाही. आयफोनची `.heic` मूळ फाइल ठेवावी आणि बाजूला वरच्या दर्जाचा जेपेग. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत शेवटचा उपाय समजा: ती लहान झालेली असते आणि तारीख, जागा ही माहिती गळालेली असते. मूळ काढणाऱ्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

वह्या: इथे पीडीएफ चालते, एका अटीवर

वह्यांची पानं कुणी रंग सुधारून छापणार नाही, ती फक्त वाचायची आहेत. ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन, वरच्या दर्जाचा जेपेग, आणि एका वहीची एक पीडीएफ/ए-२ पुरेशी आहे. रंगीत यासाठी की लाल शाईतली दुरुस्ती निळ्या नोंदीवरून वेगळी दिसली पाहिजे. सगळं टिफमध्ये ठेवलं तर ३१ जीबी होतील; कुणाला ठेवायचंच असेल तर नाही म्हणणार नाही.

अट अशी की स्कॅनरमधला 'कॉम्पॅक्ट पीडीएफ' किंवा तत्सम पर्याय बंद हवा. जेबीआयजी२ नावाची कृष्णधवल दाबण्याची पद्धत आहे. तिच्या तपशील गाळणाऱ्या प्रकारात पानावरची एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं एकच मानली जातात आणि एकाचाच छाप सगळीकडे वापरला जातो. २०१३ साली जर्मनीत उघड झालं की काही फोटोकॉपी यंत्रं स्कॅन करताना ६च्या जागी ८ टाकत होती, तेही अगदी स्वच्छ, ठसठशीत अक्षरात. धूसर आकडा निदान शंका तरी आणतो. पीडीएफ/ए ही पद्धत नाकारत नाही, त्यामुळे हिरव्या खुणेवर इथेही विसंबता येत नाही. आत काय आहे ते असं पाहा:

```
pdfimages -list vahi-1987.pdf
```

`enc` रकान्यात `jpeg` दिसलं तर ठीक. `jbig2` दिसलं तर ती वही पुन्हा स्कॅन करा.

अलीकडच्या वर्षांचा ताळेबंद मात्र डिजिटल सहीच्या पीडीएफमध्ये आलेला असतो. त्याला पीडीएफ/एमध्ये रूपांतरित केलं की सही तुटते, आणि प्रिंट काढून स्कॅन केलं तर उरतं ते सहीचं नुसतं चित्र. ती फाइल आली तशीच, एक बाइटही न बदलता ठेवा, आणि वाचनासाठी हवी तर शेजारी दुसरी पीडीएफ/ए प्रत, नावात 'वाचन' लिहून.