एकही शेअर विकला नाही, तरी कंपनी विकली गेली

भोसरीत आमचं वर्कशॉप होतं तेव्हापासून त्या दोघा भावांची ओळख. पत्र्याचे सुटे भाग करायचे, माल वेळेवर द्यायचे. 2018 साली त्यांना चाकणला नवा प्रेस बसवायचा होता, बँक आणखी कर्ज द्यायला तयार नव्हती, आणि मी नुकताच धंद्यातून मोकळा झालो होतो. कंपनीचे एकूण एक लाख शेअर. त्यातले 8,000 मी 500 रुपयांच्या भावाने घेतले, म्हणजे 40 लाख गुंतवले. माझ्यासारखेच आणखी दोघं मिळून 12 टक्के. उरलेले 80 टक्के भावांकडे.

करार बेचाळीस पानांचा होता आणि मी तो वाचला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘न वाचता सही केलीस’ हे घरातल्या सगळ्यांनी ऐकवून झालंय. टॅग-अलाँग होतं: भावांनी बाहेरच्या माणसाला निम्म्याहून जास्त शेअर विकले, तर त्याच दराने आमचेही घ्यायला लावायचे. प्री-एम्प्शन होतं: शेअर बाहेर जाण्याआधी ते आम्हाला विचारायचे. आणि ड्रॅग-अलाँग होतं: ज्यांच्याकडे 75 टक्के आहेत त्यांनी सगळी कंपनी विकायची ठरवली, तर आम्हीही त्याच दराने शेअर द्यायचे. पहिली दोन कलमं आमच्यासाठी, तिसरं त्यांच्यासाठी. मला ती देवाणघेवाण रास्त वाटली. व्याख्यांची चार पानं मात्र मी चाळली, वाचली नाहीत. खेळ तिथेच होता.

2021 मध्ये एक पत्र आलं. दोघा भावांनी आपले 80,000 शेअर त्यांच्याच एका एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेच्या, नावावर केले होते, ‘कौटुंबिक नियोजनासाठी’. प्री-एम्प्शनच्या कलमात संलग्न संस्थेला केलेलं हस्तांतरण वगळलेलं होतं, त्यामुळे आम्हाला विचारायची गरज नव्हती. मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, खिसा तोच आहे, फक्त शर्ट बदललाय.” मी हसलो आणि पत्र फाइलला लावलं.

पुढच्या वर्षी भावांनी त्या एलएलपीतली आपली सगळी भागीदारी एका मोठ्या पुरवठादाराला विकली. कंपनीच्या सभासद नोंदवहीत एक अक्षर बदललं नाही. कालही 80,000 शेअर एलएलपीचे, आजही एलएलपीचेच. करारात ‘हस्तांतरण’ म्हणजे कंपनीच्या शेअरची विक्री, एवढंच लिहिलेलं. शेअर धरून ठेवणारी संस्थाच विकली तर काय, याबद्दल एक शब्द नाही. म्हणून टॅग-अलाँग लागू झालं नाही आणि प्री-एम्प्शनही नाही. भावांना त्या व्यवहारात 9 कोटी 20 लाख मिळाले, म्हणजे शेअरमागे 1,150 रुपये. हा आकडा आम्हाला बऱ्याच उशिरा कळला, तोही व्यवहारात बसलेल्या एकाच्या तोंडून, एका लग्नाच्या पंगतीत. एलएलपीचे भागीदार बदलल्याची नोंद मात्र तेव्हाही सरकारी पोर्टलवर होती. थोडी फी भरून कोणीही पाहू शकतं. मी कंपनीचे कागद दरवर्षी काढायचो, एलएलपीचे कधीच काढले नाहीत.

आता कळतं की एक ओळ पुरली असती: शेअर घेणारी संस्था प्रमोटरांच्या, म्हणजे कंपनी काढणाऱ्यांच्या, ताब्यातून जाणार असेल, तर त्याआधी शेअर मूळ माणसाकडे परत आले पाहिजेत. आणि ‘हस्तांतरण’च्या व्याख्येत ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, नियंत्रणातील बदलासह’ हे शब्द. वकिलाच्या दृष्टीने हे पाच मिनिटांचं काम. माझा वकील मात्र भावांनीच सुचवलेला होता.

यानंतर सहा महिन्यांनी ड्रॅगची नोटीस आली. नवा मालक एलएलपीकडचे 80,000 शेअर आपल्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीला 310 रुपयांनी विकत होता. 310 हा ताळेबंदातल्या निव्वळ मालमत्तेवरून काढलेला भाव. मशीन घसारा वजा जाता, ग्राहक आणि ऑर्डर शून्य धरून. कलमात ‘कोणताही खरेदीदार’ असं होतं, ‘असंबंधित’ असं नव्हतं. किमान भावाची अटही नव्हती. वर, आम्ही सही केली नाही तर कंपनीच्या संचालकाने आमच्या वतीने हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही करावी, असं मागे न घेता येणारं मुखत्यारपत्र आम्ही 2018 सालीच दिलेलं. माझे 40 लाख 24 लाख 80 हजारांवर येणार होते. भावांना मिळालेल्या दराने त्याच शेअरांचे 92 लाख झाले असते.

या वेळी वकील मी स्वतः शोधला. त्याने करार बाजूला ठेवला आणि विचारलं, “आर्टिकल्स कुठे आहेत?” म्हणजे कंपनीची नियमावली. ती काढून पाहिली, तर 2018 पासून बदललेलीच नव्हती. आमच्या करारातलं एकही कलम त्यात गेलं नव्हतं. त्याने 1991 चा रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावला. शेअर कोणाला विकायचे याबद्दल भागधारकांनी आपसात घातलेलं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल, तर ते कंपनीला बांधत नाही आणि भागधारकांनाही नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे आमचं प्री-एम्प्शन एरवीही लंगडंच होतं. मी कपाळाला हात लावला, तेव्हा तो म्हणाला, “थांबा. ड्रॅग तरी आर्टिकल्समध्ये कुठे आहे?”

हे आमच्या बाजूने टिकलंच असतं असं तोही म्हणत नव्हता, कारण ड्रॅग हे विक्रीवरचं बंधन नसून विक्रीची सक्ती आहे आणि मुखत्यारपत्र वेगळा विषय. पण नव्या मालकाला शंका पुरली. अन्यायाची तक्रार घेऊन कंपनी लवादाकडे जायला दहा टक्के शेअर लागतात असं मी धरून चाललो होतो, तेही अर्धवट होतं. सभासदांच्या संख्येच्या एक दशांश असले तरी चालतं, आणि आमच्या कंपनीत सभासद होते चार. एकटाही जाऊ शकत होतो. मात्र नोंदवहीत नाव आहे तोवरच हलायचं, असं वकिलाने बजावलं. नाव निघाल्यावर आधी ‘तू सभासद आहेस का’ यावरच भांडण होतं.

हातात दिवस मोजकेच होते. ड्रॅग आर्टिकल्समध्ये घालायला मालकाने सभा बोलावली. विशेष ठरावाला पडलेल्या मतांच्या 75 टक्के लागतात, त्याच्याकडे 80 होते. आम्ही तिघं मिळून 20. आणखी सहा टक्के आमच्याकडे असते तर ठराव अडला असता, आणि 2018 मध्ये ते मागितले असते तर भावांनी दिलेही असते, तेव्हा गरज त्यांना होती. सभेच्या नोटिशीचे 21 दिवस, एवढीच आमची ताकद. त्या 21 दिवसांत तिघांनी मिळून एकच वकील नेमला, लवादाकडच्या अर्जाचा मसुदा तयार करून समोरच्याला पाठवला, आणि अठराव्या दिवशी 540 वर तोडगा निघाला. बाकीच्या दोघांतल्या एकाला 400 वरच सही करायची होती. त्याला थांबवणं वकिलापेक्षा मला जास्त जड गेलं.

माझ्या हातात 43 लाख 20 हजार आले. त्यातून वकिलाची फी गेली. चार वर्षं मुदत ठेवीत टाकले असते तरी जास्त झाले असते.

गेल्या महिन्यात भाच्याने एक करार वाचायला आणला. नाशिकची कंपनी, त्याचे 15 लाख. ड्रॅगला किमान भाव आहे, खरेदीदार असंबंधित हवा असंही आहे. व्याख्यांमध्ये मात्र संलग्न संस्थेला सूट आहे आणि शेअर परत येण्याची ओळ नाही. पेन्सिलने खूण करून मी त्याला परत पाठवलंय. प्रमोटर म्हणतोय, छापील नमुना आहे, बदलता येत नाही. भाच्याने अजून पैसे भरलेले नाहीत.