"१०० वॉट" लिहिलेली केबल घेतली, लॅपटॉप चार्जच होईना : पुण्यात टाइप-सी केबल घेणाऱ्यांनी वाचा

तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात "१०० वॉट, लॅपटॉपला पण चालते" असं सांगून दोनशे-अडीचशेला जी टाइप-सी टू टाइप-सी केबल विकतात ना, ती घ्यायच्या आधी हे वाचा. मी व्हिडिओ एडिटिंग करते, लॅपटॉपचा चार्जर १०० वॉटचा आहे, आणि त्याच्याबरोबर आलेली केबल पिनपाशी पिचली म्हणून नवीन घेतली. जाड, कापडी विणीची, दोन मीटर, टोकाला छोटा डिस्प्ले ज्यावर वॉट दिसतात. पॅकिंगवर मोठ्या अक्षरात १०० वॉट आणि खाली बारीक अक्षरात ६ अँपिअर. हे ६ अँपिअर लक्षात ठेवा, पुढे येणारे.

घरी लावली तर चार्जिंगची खूण आली, सगळं छान. पण रेंडर लावला की टक्के वाढायच्या ऐवजी हळूहळू उतरायला लागले, लावलेलं असताना! आणि कोपऱ्यात स्लो चार्जर लावलाय असा मेसेज. चार्जर तोच, सॉकेट तोच, जुनी पिचलेली केबल हाताने धरून लावली की मेसेज जातो. म्हणजे दोष कुठे ते उघड होतं. केबलवरचा तो डिस्प्ले ५८-५९ दाखवायचा, कितीही काम असो, त्याच्या वर म्हणून जायचा नाही.

दुकानात गेले तर दादा म्हणतात, "ताई, तुमचा लॅपटॉपच तेवढं घेत नसेल, केबल हंड्रेड वॉटचीच आहे, लिहिलंय बघा." लिहिलंय तर खरंच!

माझा मावसभाऊ भोसरीत एका कंपनीत हार्डवेअर टेस्टिंगला आहे, त्याला फोन केला तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला की ५९ च्या वर जातच नाही ना? मग ई-मार्कर चिप नाहीये तिच्यात. रविवारी तो मीटर घेऊन घरी आला आणि चहा होईपर्यंत त्याने जे दाखवलं ते सांगते, कारण हे एकदा कळलं की दुकानदार काहीही बोलला तरी फरक पडत नाही.

टाइप-सी मध्ये चार्जर आणि लॅपटॉप आधी बोलतात आणि मग करंट सुरू होतो. हे बोलणं सीसी नावाच्या एका बारीक वायरवरून होतं. पिनमध्ये सीसीच्या जागा दोन असतात पण केबलभर वायर एकच जाते, दुसरी जागा केबलमधल्या चिपसाठी राखीव. केबलला चिप असेल तर त्या दुसऱ्या जागी साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर दिसतो, चार्जरला कळतं की इथे कोणीतरी आहे, तो त्या जागेवर साधारण ५ व्होल्ट देऊन चिप जागी करतो आणि विचारतो तू कोण. चिप उत्तर देते की मी अमक्या कंपनीची केबल, ५ अँपिअर झेपतात, इतके व्होल्ट चालतात, डेटाचा स्पीड एवढा. हीच चिप म्हणजे ई-मार्कर. भाताच्या शितापेक्षा लहान, पिनच्या मागच्या प्लास्टिकमध्ये बसलेली, त्यामुळे बाहेरून बघून कळायचा प्रश्नच नाही.

आणि उत्तर आलं नाही तर? तर नियम सरळ आहे, चार्जर ही केबल साधी आहे असं धरतो आणि ३ अँपिअरच्या वर ऑफरच करत नाही. अशा केबलवर चार्जर जी यादी लॅपटॉपला पाठवतो त्यात सगळ्यात वर २० व्होल्ट असतात, २० गुणिले ३ म्हणजे ६० वॉट. झालं, इथेच माझे ५९ अडकले होते. केबल किती का जाड असेना, चार्जर १०० चा असो नाहीतर १४० चा, चिप बोलली नाही की ६० ला कुलूप. केबल खराब नव्हती, चार्जर तिला ओळखून बरोबर वागत होता, खोटं होतं ते फक्त पॅकिंग.

मी विचारलं की एवढा उपद्व्याप कशाला, सरळ करंट सोडायचा ना. तर त्याचं म्हणणं, चार्जरला आणि लॅपटॉपला वायर किती जाड आहे ते दिसत नाही, आणि तापणं करंटच्या वर्गाने वाढतं. ३ चा वर्ग ९, ५ चा २५, म्हणजे त्याच वायरमध्ये ३ च्या जागी ५ अँपिअर गेले की उष्णता जवळजवळ पावणेतीनपट. फोनपुरती बारीक तांब्याची केबल असेल तर ती गादीवर, पांघरुणाखाली तापत बसणार. म्हणून ५ अँपिअर झेपतात हे केबलने स्वतः सांगितल्याशिवाय द्यायचेच नाहीत असं ठरवलंय. चिप स्वतः करंट वाहत नाही, वाढवत नाही, काही नाही. लिफ्टमध्ये "८ माणसे" अशी पाटी असते तसं आहे हे, वजन पाटी उचलत नाही, दोर उचलतो.

ह्यात ६५ वॉटच्या लॅपटॉपवाल्यांची गंमत आहे. ६५ वॉट म्हणजे २० व्होल्टला सव्वातीन अँपिअर, म्हणजे ३ च्या वर, म्हणजे तिथेही चिपवाली केबल लागतेच. साध्या केबलवर ते ६० वर येतं, पाच वॉटचा फरक कोणाला जाणवत नाही आणि दुकानदाराचा "काल एकाला दिली, मस्त चालतेय" हा डायलॉग त्यामुळेच चालतो. ज्या चार्जरची वायर चार्जरलाच कायमची जोडलेली असते तिथे हा प्रश्न नाही, कारण वायर कुठली ते कंपनीला माहीत असतं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. दुकानात परत गेले, मावसभाऊ बरोबर, आणि चिपवाली द्या म्हटलं. दादांनी कुठल्यातरी खोक्यातून दुसरी काढली, "ही घ्या, हिच्यात चिप आहे, शंभर रुपये वरचे द्या." तिथेच मीटर लावला तर खरंच चिप बोलली, ५ अँपिअर, २० व्होल्ट. आम्ही खूश होऊन घरी.

घरी लावली, मेसेज गेला, टक्के भराभर वाढले. अर्ध्या तासाने केबल हलवायला हात लावला तर पिनच्या मागचा भाग चांगलाच गरम, आणि मधली वायरसुद्धा कोमट. मावसभाऊ तोपर्यंत गेलेला, पण मीटर माझ्याकडेच ठेवून गेला होता. फोनवर तो सांगेल तसं केलं, आधी चार्जरच्या टोकाला मीटर लावून रीडिंग घ्यायचं, मग लॅपटॉपच्या टोकाला, मधल्या वेळात काम तेच चालू ठेवायचं. चार्जरपाशी १९.९ व्होल्ट, लॅपटॉपपाशी १८.४, करंट ४.६ अँपिअर. म्हणजे दीड व्होल्ट केबलमध्येच गेले, दीड गुणिले ४.६, जवळजवळ ७ वॉट नुसती उष्णता. नियमाप्रमाणे ५ अँपिअरला प्लस आणि ग्राउंड दोन्ही बाजू मिळून पाऊण व्होल्टच्या वर पडायला नको. हिच्यात दुप्पट. थोडक्यात पाटी ५ अँपिअरची आणि दोर ३ चा. चिप स्वस्तात मिळते, तांबं महाग आहे, मग कोणी तांब्यात मारतो आणि चिपमध्ये वाट्टेल ते लिहून टाकतो. चार्जर चिपवर विश्वास ठेवतो, त्याला वायर मोजता येत नाही.

मला विचाराल तर पहिल्या केबलपेक्षा ही दुसरी जास्त वाईट. पहिलीने नुसतं हळू चार्ज केलं, कोणाला इजा नाही. दुसरी चार्जरला फसवते आणि तापते, आणि काम पटापट होत असल्यामुळे माणूस आनंदात असतो.

मीटर नसेल तर काय? मॅकबुक असेल तर System Information उघडून Power मध्ये खाली Wattage बघा. चार्जर ९६ चा आणि तिथे ६० दिसत असेल तर बहुतेक केबलला ५ अँपिअरची चिप नाही. माझ्या वहिनीच्या मॅकवर पहिली केबल लावून बघितली, ६० च आले. विंडोजवर सरळ आकडा मिळत नाही, तिथे स्लो चार्जरचा मेसेज आणि जड काम चालू असताना उतरणारे टक्के हेच लक्षण. चिप खोटं बोलतेय का ते मात्र कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही, त्याला अर्धा तास फुल लोडवर चालवून हात लावून बघणं किंवा दोन टोकांना व्होल्ट मोजणं एवढंच.

आणि ते ६ अँपिअर. यूएसबी-सीच्या नियमात ५ च्या वर आकडाच नाही. ६ किंवा ७ अँपिअर लिहिलेलं दिसलं तर ती केबल फोन कंपन्यांच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंगसाठी बनवलेली असते नाहीतर आकडा हवेतला असतो. त्या फोनचं १०० वॉट आणि लॅपटॉपचं १०० वॉट ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही, फोनवाली पद्धत वेगळी बोलते. एका टोकाला जुनी चौकोनी टाइप-ए पिन असेल तर लॅपटॉपच्या १०० वॉटसाठी विषयच संपला, त्या पिनमध्ये सीसी वायरच नसते. आणखी एक, २०२१ मध्ये २४० वॉटपर्यंतचा नवीन नियम आला, ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, आणि त्यानंतर प्रमाणित केबलवर लोगोत ६० किंवा २४० छापतात. २४० वाली १०० च्या लॅपटॉपलाही चालते, मी शेवटी तीच घेतली, एक मीटरची, कारण लांबी अर्धी की व्होल्ट पडणंही अर्धं. पाऊण हजाराच्या आसपास गेले.

पैशांचं म्हणाल तर दादांनी "पॅकिंग फोडलं, आता परत नाही" म्हणून सांगितलं. खूप वाद घातल्यावर एका केबलचे मिळाले, तेही दुसरं काहीतरी घ्या ह्या अटीवर. एक गोष्ट मात्र तिथेच बघितली. आमच्या नंतर आलेल्या एका काकांना मावसभाऊ म्हणाला की बिलावर "५ अँपिअर ई-मार्कर, लॅपटॉप चार्जिंगसाठी" असं लिहून घ्या. काकांनी मागितलं. दादा म्हणाले, "बिलावर फक्त डेटा केबल लिहितो आम्ही." काका केबल काउंटरवर ठेवून निघून गेले.