बघून शिकायचं की हाताने करून?

घरच्या स्वयंपाकघरात क्लास दोन तऱ्हांनी घेता येतो. एकात शिकवणारी करून दाखवते आणि आठ-दहाजण बघतात. दुसऱ्यात तीन-चारच जण, पण प्रत्येकाच्या हातात सुरी आणि झारा.

बघण्याच्या क्लासमध्ये दोन तासांत तीन-चार पदार्थ होतात. रोज स्वयंपाक करणाऱ्या नोकरदार बायकांना ते पुरतं. त्यांना हवी असते ती कामांची क्रमवारी.

ज्यांनी कधी गॅसही पेटवला नाही, अशा मुलांचं तेवढ्यावर भागत नाही. साधा कांदा परतणं घ्या. लांबून फक्त रंग दिसतो. झारा हातात असला की कळतं, कांदा आधी पाणी सोडतो. ते आटलं की चरचर बदलते, तेल सुटतं आणि मग रंग झपाट्याने चढतो. कांदा करपतो तो इथेच, कारण आधी बराच वेळ काही होईना म्हणून आच वाढवलेली असते. माझ्याकडे एका मुलाचं तसंच झालं: कडा काळ्या, आत कच्चा. दुसऱ्या खेपेला आवाज बदलताच त्याने आच कमी केली, चमचाभर पाणी घालून तळाला लागलेलं सोडवलं, आणि कांदा एकसारखा परतला गेला.

अडचण जागेची. घरच्या शेगडीवर दोनच मोठ्या कढया नीट मावतात, म्हणून चारांच्या वर घेऊ नये. जोड्या कराव्यात: एकाने चिरायचं, एकाने परतायचं, मग अदलाबदल. पदार्थ एखादाच होतो. तरी नवशिक्यांसाठी मी हाच क्लास निवडते.