सीपॅप मशीन आणि माझी उपाशीपोटीची साखर : काही महिन्यांच्या वापरानंतर

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं ऑटो-सीपॅप मशीन घेऊन आता बरेच महिने झाले. त्यामुळे घोरणं थांबलं आणि दुपारची झापड गेली. साखरेवर मात्र त्याचा परिणाम वेगळ्या वेगाने आणि एका अटीवर झाला. मास्क पहाटेपर्यंत चेहऱ्यावर राहिला पाहिजे, ही ती अट दुकानात कुणी सांगितली नव्हती, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहिते.

मी पन्नाशी ओलांडलेली आहे आणि बारा वर्षांपासून टाइप टू मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि आणखी दोन गोळ्या चालू होत्या, जेवण मोजून होतं, संध्याकाळचं चालणं होतं. तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी साडेआठच्या खाली येत नव्हतं. जेवणानंतरची साखर बरी असायची आणि सकाळची उपाशीपोटीची १७०-१८०. रात्री जेवून झोपले की आठ-नऊ तास पोटात काही नसतं, मग साखर येते कुठून? सकाळी डोकं जड असायचं, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागायचं. थकवा पाळी गेल्यामुळे आणि लघवी साखरेमुळे, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बायकांच्या बाबतीत हे फार होतं, कारण आपण तक्रार करतो ती थकव्याची आणि झोपमोडीची, घोरण्याची नाही. घोरणं ह्यांनी सांगितलं, आणि मध्येच श्वास थांबून मग हुंदका दिल्यासारखा सुरू होतो हेही. नव्या मधुमेहतज्ज्ञांनी तेवढं ऐकलं आणि आधी झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, लिहून दिली. गोळी वाढवायचं नंतर बघू म्हणाले.

स्लीप स्टडी दोन तऱ्हेची असते. घरच्या तपासणीत नाकाशी एक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. दवाखान्यात रात्रभर झोपून करायच्या तपासणीत डोक्याला आणि डोळ्यांजवळही तारा लावतात, त्यामुळे झोपेचा कुठला टप्पा चालू आहे तेही कळतं. माझी दुसरी झाली. तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत होता. पाचच्या आत असेल तर ठीक, तिशीच्या वर तीव्र. त्याखालच्या ओळीत मात्र खरी गोष्ट होती: स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएममध्ये, हाच आकडा पन्नासच्या पुढे होता आणि ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरत होता.

डॉक्टरांनी ते असं उलगडून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की शरीर धोक्याची घंटा वाजवतं, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात, आपण क्षणभर जागे होतो आणि श्वास परत सुरू होतो. त्या उसळीत यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हे रात्रभर चालतं. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वात सैल असतात, आणि ती झोप मुख्यतः रात्रीच्या शेवटच्या भागात, पहाटे येते. लघवीचंही कोडं त्यातच सुटलं. बंद वाटेतून श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदय ताणलं जातं आणि मूत्रपिंडांना जास्त लघवी करायला लावणारं संप्रेरक सोडतं.

मशीन नाकातून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं, औषध त्यात काही नाही. माझं ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचं आहे आणि दाब स्वतः कमी-जास्त करतं. मास्क धरून खर्च पन्नास हजारांच्या आसपास आला. आधी भाड्याने घेऊन बघायची सोय होती, ती जरूर घ्यावी. मास्क चेहऱ्यावर बसतो की नाही हे दुकानातल्या खुर्चीत बसून कळत नाही.

पहिल्याच आठवड्यात लघवीला उठणं एकावर आलं. दुपारी वहीवर डोकं टेकायचं बंद झालं. मोबाइलवर मशीनचं ॲप रोज हिरवं दाखवायचं, कारण ते चार तासांच्या वर वापर झाला की 'चांगला' म्हणतं. चार तासांची ही रेघ अमेरिकेत विम्याचे पैसे देण्यासाठी ठरलेली आहे, साखरेचा त्यात विचार नाही. आणि माझी सकाळची साखर होती तिथेच होती.

तंत्रज्ञ मुलाने मशीनचं कार्ड संगणकाला लावून रात्रीचा आलेख उघडला. "ताई, हे बघा, पहाटे साडेतीन-चारला मास्क निघतोय." मला त्याचा पत्ताही नव्हता, झोपेतच काढला जात होता. कारणही आलेखातच दिसत होतं. पहाटे श्वास जास्त अडायचा म्हणून मशीन दाब वाढवायचं, तेव्हाच मी कुशीवर वळायची आणि उशीने मास्क सरकायचा. हवा डोळ्यांकडे गळायला लागली की हात आपोआप मास्ककडे जायचा. म्हणजे ज्या वेळेला मशीनची सर्वात जास्त गरज, नेमकी तीच वेळ रिकामी जात होती. शिकागो विद्यापीठातल्या मधुमेहींच्या २०१४ च्या अभ्यासाचा हिशेबही हाच सांगतो: रात्री पहिले चार तासच मशीन वापरलं तर स्वप्नांच्या झोपेतले निम्म्याहून जास्त अडथळे तसेच राहतात.

मग नाकावरचा मोठा मास्क बदलून नाकपुड्यांशी बसणारा छोटा घेतला, कुशीवर वळलं तरी उशीने तो सरकत नाही. कमाल दाब डॉक्टरांनी थोडा खाली आणला. सकाळी तोंड कोरडं पडायचं, म्हणजे तोंडातून हवा जात होती. हनुवटीच्या पट्ट्याने आणि मशीनच्या पाण्याच्या टाकीतून हवेला मिळणारा दमटपणा वाढवून ते सुटलं. त्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालते, आमच्या नळाच्या पाण्याने तळाला क्षार बसतात. मास्कचा नाकाशी टेकणारा मऊ भाग रोज साबणाने धुते. चेहऱ्याचं तेल राहिलं की त्या रात्री गळती ठरलेली. नाशिकला पावसाळ्यात रात्री वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर दमटपणाचा हीटर बंद ठेवला तर मशीन सकाळपर्यंत टिकतं.

वापर सहा-साडेसहा तासांवर, पहाट धरून, गेल्यावर उपाशीपोटीची साखर हळूहळू १३५-१४५ च्या घरात आली. पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ७.८ आलं, गोळ्या त्याच होत्या. मधल्या काळात माझं वजन दोन किलो उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देता येत नाही. सीपॅपने साखर सुधारते का, यावरच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. काहींमध्ये एचबीएवनसी हललंच नाही, काहींमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरलं. तेव्हा जेवण आणि गोळ्या सोडून मशीनवर विसंबणारं कुणी असेल तर मी त्यांना थांबवीन. पण सगळं नीट करूनही फक्त सकाळचीच साखर चढलेली असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल आणि घरचे घोरण्याबद्दल सांगत असतील, तर गोळी वाढवण्याआधी झोपेची तपासणी मागून घ्या. फार जाड नसलात तरीही. माझा बीएमआय २८ आहे, आणि आपल्याकडे त्याहून कमी वजनातही झोपेत श्वास अडण्याचा हा आजार सापडतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी मशीन सुरू केल्यावर सुरुवातीचे काही आठवडे पहाटेची साखर घरी मोजावी आणि डॉक्टरांना कळवावी. ती उतरायला लागली तर जुना डोस जास्त ठरू शकतो. माझ्या बाबतीत त्या तपासणीनंतर ग्लिमेपिराइड अर्धी झाली, ती सकाळच्या साखरेची वही बघूनच.